एक बाटली, दोन माणसं: ल्युटीनची गोळी कुणाला आणि कशासाठी

मुलाने बॅगेतून बाटली काढून टेबलावर ठेवली. "डॉक्टर, ही आम्ही दोघंही घेतो. तीन महिने झाले. चालू ठेवू ना?"

मुलगा ३८ वर्षांचा, दिवसाचे नऊ-दहा तास कॉम्प्युटरसमोर बसणारा. संध्याकाळ झाली की डोळे चुरचुरायचे, अक्षरं पुसट व्हायची, कपाळ दुखायचं. वडील ७१ वर्षांचे. त्यांची तक्रार एवढीच, की वाचताना उजेड पुरत नाही आणि अंधाऱ्या खोलीतून बाहेर आल्यावर डोळे सावरायला फार वेळ लागतो. मुलाने स्वतःसाठी गोळ्या मागवल्या आणि डोळ्यांच्याच आहेत तर वडिलांनाही चालतील म्हणून त्यांना सुरू केल्या. ओळख पटेल असे तपशील वगळून हे प्रकरण लिहिते आहे, कारण या एका बाटलीभोवतीचे जवळपास सगळे गैरसमज मला त्या दोन खुर्च्यांवर एकत्र बसलेले दिसले.

बाटलीवर मोठ्या अक्षरांत स्क्रीनच्या निळ्या प्रकाशापासून संरक्षण मिळेल असं लिहिलं होतं. मागच्या बारीक अक्षरांत प्रत्येक कॅप्सूलमधला ऐवज होता: ल्युटीन १० मिलिग्रॅम, झियाझँथिन २ मिलिग्रॅम. दुसरं काही नाही. हे आकडे मनाने ठरवलेले नाहीत. एका मोठ्या चाचणीत नेमकी हीच मात्रा वापरली होती. पण त्या चाचणीत ल्युटीन एकटं दिलेलं नव्हतं आणि स्क्रीनशी तर तिचा काहीच संबंध नव्हता. ती चाचणी वडिलांच्या आजाराची होती. म्हणून आधी वडिलांकडे वळले.

डोळ्याच्या पडद्याच्या मध्यभागी जेमतेम पाच-सहा मिलिमीटरचा एक भाग असतो, मॅक्युला. वाचणं, चेहरा ओळखणं, सुईत दोरा ओवणं, सगळं याच्या जोरावर चालतं. हा भाग पिवळसर दिसतो तो ल्युटीन आणि झियाझँथिन या रंगद्रव्यांमुळे. आपलं शरीर ती बनवू शकत नाही, अन्नातूनच घ्यावी लागतात. हिरव्या पालेभाज्या, मका, अंड्याचं पिवळं बलक यांत ती असतात आणि सोबत थोडं तेल-तूप असेल तर नीट शोषली जातात. ही द्रव्यं निळा प्रकाश काही प्रमाणात शोषतात हे खरं आहे. स्क्रीनच्या साऱ्या जाहिराती या एका खऱ्या वाक्यावर उभ्या आहेत. त्या वाक्यावरून त्या जिथे पोचतात ते मात्र खरं नाही. त्याबद्दल मुलाच्या तपासणीच्या वेळी सांगते.

वडिलांची नजर चष्म्यासह उजव्या डोळ्याने ६/९ आणि डाव्याने ६/१२ भरली. बाहुली मोठी करून पडदा पाहिला, तर दोन्ही डोळ्यांत मॅक्युलाभोवती मऊ कडांचे फिकट पिवळे ठिपके पसरलेले होते. यांना ड्रुसेन म्हणतात, पडद्याच्या मागच्या थराखाली साचलेला चरबी-प्रथिनांचा गाळ. ठिपके आहेत एवढं कळून भागत नाही, ते केवढे आहेत ते पाहावं लागतं. १२५ मायक्रॉन किंवा त्याहून रुंद ठिपका 'मोठा' धरतात. ही मोजपट्टी डोळ्यातच मिळते: डोळ्याच्या नसेच्या कडेला पडद्यावरची शीर जेवढी जाड दिसते, साधारण तेवढा. वडिलांच्या दोन्ही डोळ्यांत तसे मोठे ठिपके होते. उजव्या डोळ्यात शिवाय रंगद्रव्याची उलथापालथ दिसत होती, कुठे काळसर पुंजके तर कुठे रंग उडालेला. पडद्याचे थर आडव्या छेदात दाखवणाऱ्या ओसीटी स्कॅनमध्ये पडद्याखाली पाणी किंवा रक्त नव्हतं. निदान झालं ते वयानुसार होणाऱ्या मॅक्युलाच्या ऱ्हासाचं, मधल्या टप्प्यातलं, कोरड्या प्रकाराचं.

गोळीचा उपयोग होईल की नाही, हे या 'मधल्या टप्प्यात' या शब्दांवर ठरतं. म्हणून धोका कसा मोजतात ते सांगते. प्रत्येक डोळ्यात मोठे ड्रुसेन असतील तर एक गुण, रंगद्रव्याचे बदल असतील तर आणखी एक. दोन्ही डोळ्यांचे मिळून जास्तीत जास्त चार. वडिलांचे उजव्या डोळ्याचे दोन आणि डाव्याचा एक, असे तीन झाले. एकही गुण नसेल तर पाच वर्षांत निदान एका डोळ्यात आजार शेवटच्या टप्प्यात जाण्याची शक्यता अर्ध्या टक्क्याच्या आसपास असते. तीन गुणांना ती सुमारे २५ टक्क्यांवर जाते. शेवटचा टप्पा दोन प्रकारचा असतो. एकात पडद्याच्या पेशींचे चट्टेच्या चट्टे झिजून जातात. दुसऱ्यात खालून कमकुवत नवीन रक्तवाहिन्या फुटतात आणि पाझरू लागतात, त्याला ओला प्रकार म्हणतात.

अशा माणसांसाठी काय करता येईल याचं उत्तर अमेरिकेच्या नॅशनल आय इन्स्टिट्यूटच्या 'एरेड्स' चाचणीतून २००१ मध्ये मिळालं. त्या मिश्रणात क जीवनसत्त्व ५०० मिलिग्रॅम, ई जीवनसत्त्व ४०० युनिट, बीटा कॅरोटीन १५ मिलिग्रॅम, झिंक ८० मिलिग्रॅम आणि तांबं २ मिलिग्रॅम होतं. मधल्या टप्प्यातले रुग्ण, किंवा एक डोळा आधीच शेवटच्या टप्प्यात गेलेले रुग्ण, यांच्यात पाच वर्षांत पुढे सरकण्याचा धोका सुमारे चतुर्थांशाने कमी झाला. अगदी सुरुवातीच्या टप्प्यातल्यांना फायदा दिसला नाही. त्यांच्यातले इतके थोडे पुढे सरकतात, की गोळीने वाचवायला फारसं कुणी उरतच नाही.

ल्युटीन आलं ते २०१३ च्या दुसऱ्या चाचणीत, 'एरेड्स २' मध्ये. मूळ मिश्रणात ल्युटीन-झियाझँथिनची भर घातली तर आणखी फायदा होतो का, हा तिचा मुख्य प्रश्न होता. त्याचं सरळ उत्तर 'नाही' असं आलं. मात्र बीटा कॅरोटीन काढून त्याच्या जागी ल्युटीन-झियाझँथिन घातलं, तर मिश्रण कमी पडत नाही आणि एक मोठा धोका टळतो, हे दिसलं. दहा वर्षांचा पाठपुरावा २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात ल्युटीनवाल्यांचा आजार बीटा कॅरोटीनवाल्यांपेक्षा काहीसा कमीच पुढे गेला होता. २०१३ च्या निकालात ज्यांच्या आहारात ही द्रव्यं अगदीच कमी होती त्यांना भर घातल्याचाही फायदा झालेला दिसला, पण हा उपगटातला निष्कर्ष आहे आणि त्यावर फार भार देता येत नाही.

हे वडिलांना सांगितलं तेव्हा मुलगा म्हणाला, "म्हणजे बाबांना ही गोळी योग्यच होती की!"

नव्हती. चाचणीतल्या जवळजवळ सगळ्यांना ल्युटीनसोबत झिंक, तांबं, क आणि ई मिळत होतं. नुसतं ल्युटीन आजाराची वाट अडवतं, असं कुठल्याही मोठ्या चाचणीत सिद्ध झालेलं नाही. तीन महिने वडील गाडीचं एकच चाक वापरून प्रवास करत होते. त्यांना पूर्ण मिश्रण हवं होतं. मी कागदावर सगळे घटक मात्रांसह लिहून दिले आणि म्हटलं, "आणलंत की सुरू करायच्या आधी मला दाखवा."

हे 'आधी दाखवा' उपयोगी पडलं. आठवड्याने दोघं नवीन बाटली घेऊन आले. वर नाव डोळ्यांचंच होतं, झिंक होतं, क आणि ई होतं. मी बोटाने ओळी मोजत खाली गेले, तर चौथ्या ओळीत बीटा कॅरोटीन, १५ मिलिग्रॅम. जुनं, पहिल्या चाचणीचं मिश्रण. वडिलांना विचारलं, "काका, तुम्ही सिगारेट ओढायचात ना?" ते थोडे अवघडले. "सोडून बारा वर्षं झाली, डॉक्टर. त्याआधी तीस वर्षं ओढली."

तपासणीच्या पहिल्या कागदावर 'धूम्रपान: नाही' असंच लिहिलं गेलं होतं. आज ओढत नाही म्हणून त्यांनी 'नाही' म्हटलं आणि लिहिणाऱ्याने तसंच लिहिलं. ही चूक आमच्या बाजूची. प्रश्न 'कधी ओढली होती का' असा विचारायला हवा होता, आणि आता मी तो तसाच विचारते. कारण 'एरेड्स २' मध्ये बीटा कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाच्या कॅन्सरचं प्रमाण २ टक्के निघालं आणि न घेणाऱ्यांत ०.९ टक्के. ज्यांना कॅन्सर झाला त्यांतले बहुतेक पूर्वी धूम्रपान केलेले होते. त्या वेळी ओढणाऱ्यांना तर बीटा कॅरोटीन दिलेलंच नव्हतं, कारण फिनलंडमधल्या १९९४ च्या चाचणीत ओढणाऱ्या पुरुषांवर त्याचा दुष्परिणाम आधीच दिसला होता. ती बाटली परत गेली. तिसऱ्या खेपेला बीटा कॅरोटीन नसलेलं, ल्युटीन-झियाझँथिन असलेलं पूर्ण मिश्रण आलं.

झिंकबद्दलही बोलणं झालं. ८० मिलिग्रॅम ही मोठी मात्रा आहे, रोजच्या गरजेच्या कितीतरी पट. रिकाम्या पोटी घेतली तर मळमळतं, म्हणून जेवणानंतर घ्यायची. इतकं झिंक तांब्याचं शोषण अडवतं आणि त्यातून रक्तक्षय होऊ शकतो, म्हणूनच मिश्रणात तांबं घातलेलं असतं. झिंक नुसतं वेगळं घेऊ नये ते यासाठी. पहिल्या चाचणीत झिंक घेणाऱ्यांना लघवीच्या तक्रारींसाठी जास्त वेळा दवाखान्यात दाखल व्हावं लागलं होतं. वडिलांना प्रोस्टेटचा त्रास होता, म्हणून त्यांच्या त्या डॉक्टरांना कळवलं आणि लघवीचा त्रास वाढला तर लगेच सांगायला सांगितलं. दुसऱ्या चाचणीत २५ मिलिग्रॅम झिंक घेणाऱ्यांच्या निकालात ठळक फरक दिसला नव्हता, त्यामुळे गरज पडली तर मात्रा उतरवायला जागा होती. रक्त पातळ करणारं औषध ते घेत नव्हते. घेत असते तर ई जीवनसत्त्वाच्या या मात्रेबद्दल आधी त्यांच्या डॉक्टरांना विचारलं असतं.

त्यांचा शेवटचा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. "याने दिसायला लागेल ना नीट?" नाही. ही गोळी गेलेली नजर परत आणत नाही, ठिपके पुसत नाही. त्यांच्यासारखी तीन गुणांची शंभर माणसं घेतली तर पाच वर्षांत साधारण २५ जणांचा आजार शेवटच्या टप्प्यात जाईल. सगळ्यांनी गोळी घेतली तर साधारण १९ जणांचा. सहा जण वाचतात, पण ते सहा कोण हे कुणालाच कळत नाही. उरलेले ७५ गोळीशिवायही तिथवर गेले नसते. हे ऐकून त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "सहांत असलो तर बरंच आहे. घेतो." असा हिशोब समजून घेतलेला होकार मला पुरतो.

सोबत ॲम्स्लरची चौकट दिली, आडव्या-उभ्या रेघांची जाळी आणि मधोमध ठिपका. वाचायचा चष्मा लावायचा, एक डोळा झाकायचा, हातातलं पुस्तक धरतो तेवढ्या अंतरावर ती धरायची आणि ठिपक्याकडे बघत राहायचं. रेघ वाकडी दिसली, तुटली किंवा एखादा चौकोन पुसला गेला, की त्याच दिवशी फोन करायचा. डोळे एकेक करून तपासणं महत्त्वाचं, कारण दोन्ही उघडे असले तर चांगला डोळा वाईट डोळ्याचं सगळं झाकून टाकतो.

आता मुलगा.

त्याला मी फोनवरची एक बातमी वाचायला सांगितली आणि काही न बोलता पापण्या मोजल्या. मिनिटात सहा वेळा. त्यांतल्या चार अर्ध्याच, वरची पापणी बुबुळाच्या मध्यापर्यंत येऊन परत गेलेली. गप्पा मारताना हाच माणूस मिनिटाला सोळा-सतरा वेळा पापणी मिटत होता. मग डोळ्यात फ्लुरेसिनचा पिवळा थेंब लावला आणि स्लिट लॅम्पच्या निळ्या उजेडात पाहिलं. अश्रूंचा थर हिरवट चमकतो, आणि पापणी उघडी धरली की कुठेतरी त्यात काळा डाग पडतो. तिथे थर फाटलेला असतो. दहा सेकंद थर टिकला तर ठीक म्हणायचं. त्याचा चौथ्या सेकंदाला फाटत होता. बुबुळाच्या खालच्या तिसऱ्या भागात बारीक ठिपक्यांचा आडवा पट्टा रंगला होता. अर्धवट मिटणारी पापणी तिथवर पोचतच नव्हती, त्यामुळे दिवसभर तेवढीच पट्टी कोरडी पडायची.

दुसरी गोष्ट चष्म्याची. त्याला चष्मा नव्हता आणि दूरचं सगळं ६/६ दिसत होतं. पण थेंब घालून डोळ्याचे स्नायू सैल केल्यावर दोन्ही डोळ्यांत अधिक एक नंबर निघाला. पंचविशीत डोळ्याचं भिंग तो नंबर सहज पेलून नेतं. चाळिशी जवळ आली की त्याची लवचिकता कमी होते आणि दहा तास जवळचं बघताना तो भार कपाळदुखीतून बोलू लागतो. पडदा आणि ओसीटी दोन्ही स्वच्छ. एकही ठिपका नाही.

म्हणजे त्याचा त्रास पूर्ण खरा होता आणि त्याचा उगम डोळ्याच्या पुढच्या भागात होता: अश्रूंच्या थरात आणि भिंग आवळणाऱ्या स्नायूत. ल्युटीन जाऊन बसतं ते मागे, पडद्यात. कोरड्या बुबुळाला किंवा न लावलेल्या चष्म्याला ते काय करणार? काही डझन तरुणांवर झालेल्या छोट्या अभ्यासांत ल्युटीननंतर स्क्रीनचा थकवा कमी वाटल्याचं नोंदलं गेलं आहे, हेही त्याला सांगितलं. पण एवढ्या थोड्या माणसांनी प्रश्नावलीत दिलेल्या उत्तरांवरून मी कुणाला रोजची गोळी लिहून देत नाही, विशेषतः त्रासाचं कारण समोर रंगलेलं दिसत असताना.

"पण निळा प्रकाश? त्याने बाबांसारखं होणार नाही ना?" त्याची खरी भीती ही होती, आणि ती हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. स्क्रीनमधून निळा प्रकाश येतो, पण मोकळ्या आकाशाकडे बघताना डोळ्यात जो शिरतो त्याच्यापुढे तो फारच थोडा असतो. स्क्रीनच्या उजेडाने मॅक्युलाचा ऱ्हास होतो असा पुरावा माणसांमध्ये मिळालेला नाही. प्रयोगशाळेत पेशींवर किंवा उंदरांवर तीव्र निळा प्रकाश सोडून केलेले प्रयोग आहेत, आणि जाहिराती त्यांचाच आधार घेतात. निळा प्रकाश गाळणाऱ्या चष्म्यांच्या १७ चाचण्यांचा आढावा, उपचारांचा पुरावा तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेचा, २०२३ मध्ये आला. साध्या काचांच्या तुलनेत त्यांनी डोळ्यांचा थकवा कमी होतो असं त्यात दिसलं नाही, निदान थोड्या काळाच्या वापरात तरी. रात्री उशिरापर्यंत झगझगीत स्क्रीन बघितल्याने झोप बिघडू शकते, पण तो वेगळा प्रश्न आहे आणि त्याचा उपाय स्क्रीन लवकर बंद करणं.

वडिलांना आजार आहे म्हणून त्याचा धोका इतरांपेक्षा जास्त आहे, हे मी लपवलं नाही. या आजारात आनुवंशिकता मोठी असते. पण पडद्यावर एकही ठिपका नसलेल्या माणसाने आधीपासून गोळ्या घेतल्या तर आजार टळतो, हे दाखवणारा पुरावा नाही. त्याच्या हातात असलेली सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे धूम्रपान न करणं. तो ओढत नव्हता. पन्नाशीनंतर बाहुली मोठी करून नियमित तपासणी करायची, आणि भाज्या ताटातूनच खायच्या.

त्याची बाटली बंद केली. कॉम्प्युटरच्या अंतराचा चष्मा दिला, प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले अश्रूंचे थेंब दिवसातून चार वेळा घालायला सांगितले. स्क्रीन डोळ्यांच्या रेषेपेक्षा थोडी खाली आणली. वर बघताना डोळा जास्त उघडा राहतो आणि लवकर सुकतो. एसीचा झोत थेट तोंडावर येत होता तो वळवला. वीस मिनिटांनी लांब बघण्याचा नियम त्याला ठाऊक होता, त्यात मी एक भर घातली: लांब बघताना दहा वेळा पापण्या पूर्ण मिटायच्या, खालची पापणी टेकल्याचं जाणवेपर्यंत. सहा आठवड्यांनी अश्रूंचा थर आठ सेकंद टिकत होता आणि तो रंगलेला पट्टा जवळपास गेला होता. डोकेदुखी चष्मा लावल्यापासून दुसऱ्या आठवड्यातच थांबली होती. गोळी बंद केल्याचा फरक? "काहीच नाही," तो म्हणाला.

चौदा महिन्यांनी वडिलांचा फोन आला. डाव्या डोळ्याने चौकटीच्या रेघा मधे दबल्यासारख्या दिसत होत्या, आदल्या दिवशी सरळ होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी ओसीटी केलं, तर पडद्याखाली पाणी. आजार ओल्या प्रकारात गेला होता. त्याच आठवड्यात डोळ्यात पहिलं इंजेक्शन दिलं, नवीन रक्तवाहिन्या वाढवणारा व्हीईजीएफ हा घटक रोखणारं. महिन्याच्या अंतराने तीन दिली आणि मग हळूहळू अंतर वाढवत नेलं. पाणी ओसरलं, नजर ६/१२ वरच राहिली. वेळेत आले म्हणून एवढं जमलं. असे रुग्ण काही महिन्यांनी येतात तेव्हा पडद्यावर व्रण झालेला असतो आणि इंजेक्शनने फारसं हाती लागत नाही.

"मग गोळी फुकटच गेली म्हणायची," मुलगा म्हणाला. त्याच्या आवाजात राग होता आणि तो मला समजत होता. मी तोच जुना कागद काढला, १९ आणि २५ लिहिलेला. १९ शून्य नव्हते. एका माणसात गोळीने काम केलं की नाही हे कुणालाही सांगता येत नाही, तिचा परिणाम शंभरांत मोजला जातो. पण वडील आता आणखी ठळकपणे त्या गटात आले होते ज्याच्यासाठी हे मिश्रण तपासलं गेलं, म्हणजे एक डोळा शेवटच्या टप्प्यात आणि दुसरा अजून वाचलेला. म्हणून गोळी चालू ठेवली. मागच्या तपासणीला उजवा डोळा ६/९ होता, ओसीटीत पाणी नव्हतं, लघवीचा त्रास वाढलेला नव्हता. चौकट आता ते रोज सकाळी बघतात, आधी उजव्या डोळ्याने.